फांदी गेली, पण कपाळ बिघडलं: तेरवीच्या फोटोतली नेहमीची अडचण

घाटंजी, आर्णी या पट्ट्यात फोटो स्टुडिओ चालवणाऱ्याकडे एक काम वर्षभर येत राहतं. घरातलं म्हातारं माणूस गेलं, तेरवीला फ्रेम हवी, आणि बरा म्हणावा असा एकच फोटो मोबाईलमध्ये असतो. तो काढलेला असतो शेतात, धुऱ्यावरच्या बाभळीखाली नाहीतर आंगणातल्या कडुनिंबाखाली, आणि एक फांदी नेमकी कपाळावरून गेलेली असते. फांदी काढणं अवघड नाही. मोबाईलवरच्या अ‍ॅपमध्येही बोट फिरवलं की ती जाते. अडचण त्यानंतर सुरू होते, आणि ती दर वेळी जवळपास सारखीच असते.

आधी लक्षणं. यातलं काय दिसतंय ते ओळखा, कारण प्रत्येकाचं मूळ वेगळं आहे.

फांदी होती तिथे करडा किंवा हिरवट फराटा राहतो, विशेषतः केसांच्या सुरुवातीला. किंवा फांदी गेली तरी तिच्या जागी एक पुसट काळी रेघ दिसत राहते आणि कितीही घासलं तरी जात नाही. किंवा रंग बरोबर जमतो, पण तेवढाच पट्टा मेणासारखा गुळगुळीत दिसतो आणि बाकीच्या कपाळावर सुरकुत्या असतात. किंवा एकच तीळ, एकच सुरकुती दोन ठिकाणी दिसते. आणि शेवटचं, नातेवाईकांना सगळ्यात आधी खटकणारं: केस कपाळाला चिकटवल्यासारखे दिसतात, टोप घातल्यागत.

एक उदाहरण धरून सांगतो. सत्तरीच्या एक आजी, पदर डोक्यावरून मागे सरकलेला, तेल लावून चापून बसवलेले पांढरे-काळे केस, मधोमध भांग, कपाळावर मोठं कुंकू आणि त्याखाली दोन भुवयांच्या मधे गोंदणाचे ठिपके. बाभळीची फांदी डाव्या बाजूने वरून येते, भांगाजवळ केसांवरून खाली उतरते, कुंकवाच्या अगदी वरून जाते आणि उजव्या भुवईच्या टोकाजवळ संपते. मुलाचं म्हणणं एवढंच होतं, “भाऊ, फांदी तेवढी काढा, पण मायच्या कपाळावरचं गोंदण जसंच्या तसं राहू द्या.” त्याला नेमकं ठाऊक होतं काय बिघडतं ते.

पहिली तपासणी: फाईल कोणती आहे?

याला पैसे लागत नाहीत, आणि निम्मं काम इथेच होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो लहान होऊन येतो, लांब बाजू साधारण 1600 पिक्सेलची उरते. या आजींच्या फोटोतून चेहरा आणि खांदे कापून घेतल्यावर हाती राहिले 800 बाय 1000 पिक्सेल. 8 बाय 10 इंचाच्या फ्रेमला ते इंचाला 100 पिक्सेल पडतात, म्हणजे कसंबसं चालेल. 12 बाय 18 ची फ्रेम मागितली तर इंचाला जेमतेम 55. शिवाय फाईल लहान करताना कातडीचं बारीक टेक्स्चर सगळ्यात आधी जातं, आणि आपल्याला पुन्हा बनवायचं असतं ते नेमकं तेच. जे फोटोत शिल्लकच नाही ते दुसरीकडून उचलणार तरी कुठून?

म्हणून मुलाला सांगितलं की ज्या फोनने फोटो काढला त्याच फोनवरून, गॅलरीतून फोटो म्हणून नाही तर `Document` म्हणून पाठव. मूळ फाईल 3000 बाय 4000 ची निघाली. तेवढाच भाग कापल्यावर 2000 बाय 2500 मिळाले, आणि भुवईच्या वरच्या आडव्या सुरकुत्या, रंध्रं, सगळं दिसायला लागलं.

त्याच दमात अजून दोन गोष्टी विचारायच्या. त्याच वेळचा आगेमागे काढलेला दुसरा फोटो आहे का? आणि व्हिडिओ आहे का? फांदी वाऱ्याने हलते. एका फोटोत भांगावर असलेली फांदी पुढच्या फोटोत कानाकडे गेलेली असू शकते, आणि मग काहीच बनवावं लागत नाही. फोटोशॉपमध्ये दोन्ही फोटो एकाच फाईलमध्ये दोन लेयर करून घ्या, दोन्ही निवडा, `Edit > Auto-Align Layers` मध्ये `Auto` ठेवा आणि वरच्या लेयरला मास्क लावून स्वच्छ कपाळ तेवढं उघडा. मान थोडी वळलेली असेल तरी कपाळाचा तुकडा `Edit > Transform > Warp` ने बसतो, कारण उजेड तोच असतो. दुसऱ्या दिवसाचा, दुसऱ्या उजेडातला फोटो मात्र चिकटवू नका. तो समोर ठेवायचा तो फक्त पाहायला: भांग सरळ होता की तिरका, गोंदणाचे ठिपके किती, तीळ कुठे.

आजींच्या बाबतीत आगेमागचा फोटो नव्हता. नातीच्या लग्नातला एक होता, हॉलच्या पिवळ्या लाईटमधला. त्यावरून गोंदण आणि भांग पक्का झाला, एवढाच त्याचा उपयोग.

दुसरी तपासणी: ती फांदी आहे की फांदीची सावली?

यालाही खर्च नाही, दोन मिनिटं लागतात. फोटो 200 टक्क्यांवर मोठा करा आणि काळ्या पट्ट्याकडे नीट पाहा. आजूबाजूच्या सुरकुत्या आणि रंध्रं त्या पट्ट्यातून तशीच पुढे जात असतील तर ती सावली आहे. पट्ट्याच्या काठाशी येऊन तुटत असतील तर फांदी.

हे का बघायचं? कारण सावलीच्या खाली खरी कातडी जशीच्या तशी शाबूत आहे. तिथे क्लोन फिरवलं तर खरं टेक्स्चर पुसून खोटं लावल्यासारखं होईल. दुपारच्या उन्हात फांदीला जोडून तिची सावलीही कपाळावर पडते, बऱ्याचदा फांदीच्या बाजूनेच, आणि लोक दोन्ही मिळून एकच जाड पट्टा समजतात. मग फांदी काढली तरी रेघ का राहते म्हणून पुन्हा पुन्हा हीलिंग फिरवत बसतात. ती रेघ म्हणजे सावली.

सावलीला `Curves` चा अ‍ॅडजस्टमेंट लेयर लावायचा, मास्क पूर्ण काळा करायचा आणि मऊ पांढऱ्या ब्रशने फक्त त्या रेघेवर रंगवायचं. कर्व्ह वर उचलत न्यायचा, बाजूच्या कातडीइतका उजेड येईपर्यंत. उन्हातली सावली आकाशामुळे थोडी निळसर असते, म्हणून उजेड जुळल्यावर `Blue` चॅनल जरासा खाली ओढावा लागतो, नाहीतर तिथे राखाडी छटा उरते. पानं खूप असतील तर उलटं होतं, कपाळावर हिरवी झाक येते. त्यासाठी वर एक रिकामा लेयर, ब्लेंड मोड `Color`, आणि स्वच्छ कपाळावरून उचललेला रंग कमी ओपॅसिटीने फिरवायचा.

तिसरा प्रकार कॅमेऱ्याच्या अगदी जवळच्या फांदीचा. ती धूसर असते, तिला धड काठ नसतो, पडद्यासारखी दिसते. तिच्या कडांमधून कातडी अर्धवट दिसते. तिच्या कडा सावलीसारख्या `Curves` ने आणि मधला गाभा मात्र खाली सांगतो तसा.

आजींच्या कपाळावर सावली वेगळी काढल्यावर खरी बनवायची कातडी निम्म्याहून कमी उरली.

तिसरी तपासणी: फराटा कुठून येतोय?

हीलिंग ब्रश नुसतं उचलून चिकटवत नाही. तो टेक्स्चर एका जागेचं घेतो आणि रंग-उजेड ज्या जागेवर फिरवला तिच्या काठावरून घेतो. काठाला कातडी असली की उत्तम. पण काठाला केस किंवा फांदीचा उरलेला तुकडा असला की तो काळा रंग आत ओढून सगळीकडे पसरवतो. केसांजवळ येणारा करडा फराटा तो हाच. बऱ्याच मोबाईल अ‍ॅपमधलं हीलिंग तर उचलण्याची जागाही आपल्याला निवडू देत नाही, म्हणून तिथे हा फराटा हमखास येतो.

उपाय असा की फांदी एका झटक्यात काढायचीच नाही. आधी तिचे तुकडे पाडायचे. जिथे ती केसांना भिडते, जिथे भुवईला भिडते आणि आपल्या उदाहरणात जिथे कुंकवाला चाटून जाते, त्या प्रत्येक ठिकाणी `Clone Stamp` ने छोटी फट पाडायची. क्लोन रंग मिसळत नाही, उचललेलं तसंच ठेवतो, म्हणून काठाला तोच लागतो. ब्रशची `Hardness` 50 ते 70 च्या आसपास ठेवा. काठ फार मऊ असला की तिथे धूसर ठिपके पडतात. अशी फट पडली की मधला तुकडा चारही बाजूंनी कातडीने वेढला जातो, आणि मगच त्यावर हीलिंग. काठावर तरीही ओढ राहिली तर आधी लॅसोने फक्त कातडीचा भाग निवडून घ्या, म्हणजे निवडीबाहेरचा रंग आत येत नाही.

हे सगळं रिकाम्या लेयरवर करायचं, वरच्या पट्टीत `Sample: Current & Below` ठेवून. मूळ फोटोवर थेट काम केलं तर नातेवाईक “तीळ होता हो इथे” म्हणतील तेव्हा परत जायला जागा राहत नाही. आणि मधे मधे `Ctrl+S` दाबा, आपल्याकडे लाईट कधी जाईल याचा नेम नाही.

मधल्या तुकड्यासाठी `Edit > Content-Aware Fill` सुद्धा चालतं, पण रिकाम्या लेयरवर असाल तर त्यात `Sample All Layers` वर टिक करा, आणि हिरवा दिसणारा सॅम्पलिंगचा भाग आधी पुसून फक्त कपाळापुरता ठेवा. तसाच सोडला तर तो पदरातून, केसांतून, मागच्या कपाशीतूनही तुकडे आणतो. आजींच्या कुंकवाचा लाल रंगही मी सॅम्पलिंगमधून वगळला, आणि गोंदणाचे ठिपके आधीच लॅसोने कापून वेगळ्या लेयरवर सगळ्यात वर ठेवले. हीलिंगसाठी गोंदण, तीळ आणि डाग यात काही फरक नाही, सगळंच ते पुसतं.

चौथी तपासणी: रंग आणि टेक्स्चर वेगळे केले का?

बारीक काडी असेल तर तिसऱ्या पायरीवरच काम संपतं. अंगठ्याएवढी जाड फांदी असेल तर संपत नाही. पट्टा गुळगुळीत दिसतो किंवा ठिगळ उठून दिसतं. जाड पट्ट्यावर कपाळाचा उजेड बदलत जातो, एका कडेला उजळ आणि दुसऱ्या कडेला गडद. टेक्स्चर एकीकडून उचललं की त्याच्यासोबत तिकडचा उजेडही येतो. म्हणून दोन्ही वेगळे करायचे.

आतापर्यंतचं सगळं दिसतं तसं एका लेयरवर घ्या (`Ctrl+Alt+Shift+E`) आणि त्याची अजून एक प्रत करा. खालच्या प्रतीला `Gaussian Blur`. आकडा पाठ करू नका, रंध्रं आणि बारीक सुरकुत्या जेमतेम दिसेनाशा होतील तिथे थांबा. आजींच्या मूळ फाईलमध्ये ते 7 पिक्सेलला झालं, व्हॉट्सअ‍ॅपच्या फाईलमध्ये 3 लाच झालं असतं. मग वरची प्रत निवडून `Image > Apply Image` उघडा. 8 बिटच्या फाईलला त्यात हे भरा, `Layer` मध्ये खालच्या ब्लर केलेल्या लेयरचं नाव देऊन:

```
Blending: Subtract
Scale: 2
Offset: 128
```

वरच्या लेयरचा ब्लेंड मोड `Linear Light` केला की फोटो परत जसाच्या तसा दिसायला हवा. नाही दिसला तर आकडे चुकलेत, पुढे जाऊ नका.

आता खालच्या लेयरवर फक्त रंग-उजेड आहे. फांदीचा पट्टा लॅसोने, थोडी `Feather` देऊन निवडा आणि मऊ ब्रशने वरच्या काठाचा रंग वरून, खालच्या काठाचा खालून भरत मधे आणून मिळवा. नंतर तेवढ्याच निवडीला ब्लर. वरच्या लेयरवर फक्त टेक्स्चर आहे. तिथे `Clone Stamp`, ओपॅसिटी 100 आणि `Sample: Current Layer`. ओपॅसिटी कमी ठेवली तर दोन टेक्स्चर एकमेकांवर बसून दोन्ही पुसट होतात, आणि मेणासारखा पट्टा नेमका त्यामुळेच दिसतो.

टेक्स्चर कुठून उचलायचं हे महत्त्वाचं. गालावरून नको, गालाची रंध्रं मोठी आणि वेगळी असतात. कपाळावरूनच, आणि शक्यतो त्याच उंचीवरून, कारण सुरकुत्या आडव्या आहेत. सुरकुती फांदीच्या डावीकडे जिथे तुटली आणि उजवीकडे जिथे सुरू झाली ती दोन्ही टोकं जुळवत क्लोन चालवायचं. दर तीन-चार फटक्यांनी उचलण्याची जागा बदला, नाहीतर तोच तीळ दुसऱ्यांदा उगवतो. कपाळाची दुसरी बाजू उलटी करून चिकटवायचा मोह होतो. ऊन एका बाजूने असेल तर करू नका: सुरकुतीचा उजळ काठ आणि काळा काठ यांची अदलाबदल होते आणि बघणाऱ्याला का खटकतंय ते सांगताही येत नाही.

खोल सुरकुत्या मात्र दोन्ही लेयरवर असतात. बारीक रेघ वर, रुंद काळसर पन्हळ खाली. खालची विसरलात तर म्हातारं कपाळ दहा वर्षांनी तरुण दिसतं, आणि मुलगा म्हणतो, ही माझी माय नाही.

पाचवी तपासणी: केस

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. कातडीचं काम पूर्ण झाल्याशिवाय केसांना हात लावू नका, कारण केसांच्या मुळाशी कातडी दिसते आणि ती आधी तयार हवी. टोप घातल्यागत दिसण्याचं कारणही तेच आहे. खऱ्या कपाळाला केसांची रेषा नसतेच. आधी बारीक लव, मग विरळ केस ज्यांच्या मधून कातडी दिसते, आणि मग दाट केस.

क्रम असा ठेवतो. आधी वेगळ्या लेयरवर मऊ ब्रशने, कमी ओपॅसिटीने काळसर पाया, कपाळाकडे विरत जाणारा. मग शाबूत बाजूच्या केसांची एक बट लॅसोने उचलून नव्या लेयरवर आणायची आणि `Warp` ने वळवायची. दिशा पाहायची: भांगापासून निघून कानाकडे खाली. बट मुळाशी मास्कने विरवायची, टोकाशी नाही. चापून बसवलेल्या तेलकट केसांवर चमकेचा एक पट्टा असतो, तो नव्या बटेवरून तुटता कामा नये. आजींच्या फोटोत सगळ्यात जास्त वेळ मला त्या चमकेनेच घेतला. दोन बटा बसल्या होत्या, पण एकीची चमक बाजूच्या केसांपेक्षा खाली पडत होती, आणि तेवढ्यानेच तुकडा ओळखू येत होता.

शेवटी सुटे केस. 1 ते 3 पिक्सेलचा ब्रश, आणि रंग तीन, तिन्ही फोटोतूनच उचललेले: गडद, मधला, उजळ. पूर्ण काळा आणि पूर्ण पांढरा वापरू नका. पेन टॅबलेट असेल तर मुळाकडून टोकाकडे एका झटक्यात ओढा. नसेल तर ब्रशच्या `Shape Dynamics` मध्ये `Size Jitter` खालचा `Control` `Pen Pressure` वर ठेवा, `Pen Tool` ने वळण काढा, `Stroke Path` द्या आणि त्यात `Simulate Pressure` वर टिक करा, म्हणजे टोकं निमुळती होतात. माउसने हाताने ओढलेला केस थरथरलेला दिसतो. आणि थोडेच काढा. भांगाजवळ, फांदी होती त्या पट्ट्यात, इकडे तिकडे जाणारे मोजके केस पुरतात.

झालं की वर `Black & White` चा लेयर आणि त्यावर एक कडक `Curves` लावून पाहा. रंगात लपलेली ठिगळं काळ्या-पांढऱ्यात लगेच दिसतात. नवीन भाग जास्त स्वच्छ वाटत असेल तर त्याच्यावर थोडा `Add Noise`, `Monochromatic` वर टिक करून, बाजूच्या दाण्याइतका. आणि फ्रेमचा मोठा प्रिंट टाकण्याआधी कपाळाचा तुकडा त्याच मापात छोट्या कागदावर काढून बघा. ट्यूबलाईटखाली नाही, दारात येऊन.

कुठे थांबायचं

फांदी डोळ्यावरून किंवा भुवईच्या निम्म्याहून जास्त भागावरून गेली असेल आणि दुसरा एकही फोटो नसेल तर स्वतः करू नका. कपाळ अंदाजाने बनवता येतं, डोळा येत नाही. गोंदणच फांदीखाली गेलं असेल आणि ते कसं होतं हे घरात कोणाला नीट सांगता येत नसेल तर तेही अंदाजाने काढू नका. कटाईनंतर चेहऱ्याची रुंदी 300 पिक्सेलच्या आत असेल तर तिथे टेक्स्चरच उरलेलं नसतं. केसांची पुढची रेषा एक तृतीयांशाहून जास्त झाकली असेल तर नागपूर किंवा अमरावतीला जे फक्त रिटचिंग करतात त्यांच्याकडे मूळ फाईल द्या. आपण अर्धवट केलेली नको, मूळच द्या, कारण आपलं हीलिंग निस्तरण्यात त्यांचा जास्त वेळ जातो. फाईलच इतकी लहान असेल की तेही नाही म्हणतील, तर हाताने पोर्ट्रेट काढणाऱ्या चित्रकाराकडे पाठवा. त्याला पिक्सेल लागत नाहीत, घरच्यांनी समोर बसून सांगितलेलं लागतं.

आणि पासपोर्ट, ओळखपत्र किंवा विमा-अपघाताच्या दाव्याला जोडायचा फोटो असेल तर फांदी असो की सावली, चेहऱ्याला हातच लावायचा नाही. माणूस हयात असेल तर नवा फोटो काढा, नसेल तर दाव्याला मूळ फाईल आहे तशीच द्या.

आजींची फ्रेम 8 बाय 10 चीच केली. 12 बाय 18 ला इंचाला 139 पिक्सेल मिळत होते, म्हणजे छापता आलं असतं, पण त्या मापात चमकेचा तो पट्टा जवळून पाहणाऱ्याला कळला असता.